के-फॅक्टर आला कुठून?

नरिमन पॉइंटवरच्या एका जुन्या ऑफिस इमारतीच्या तळघरात ५०० केव्हीएचा ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर आहे. ४३३ व्होल्टच्या बाजूला त्याचा पूर्ण लोडचा करंट ६६७ अँपिअर. मीटर ५८० दाखवतो, तरी वाइंडिंगच्या तापमानाचा अलार्म वाजतो. बिल्डिंगचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, "साहेब, लोड तर कमीच आहे." त्याचा मीटर बरोबर आहे. ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट ज्या करंटसाठी लिहिली गेली, तो करंट मात्र हा नव्हे. के-फॅक्टरचा जन्म याच गोंधळातून झाला.

हार्मोनिक्स, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारतेचे करंट, काही नवे नव्हते. रेल्वेच्या डीसी सबस्टेशनांत रेक्टिफायर होतेच. पण तिथला ट्रान्सफॉर्मर त्या कामासाठीच बांधलेला असे आणि तो मागवणाऱ्याला काय मागायचं ते ठाऊक असे. १९८०च्या दशकात कॉम्प्युटर आणि यूपीएस ऑफिसांत शिरले आणि पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या साध्या ट्रान्सफॉर्मरांवर बसले, तेव्हा अडचण झाली.

तांब्यातून जाणाऱ्या करंटचा साधा तोटा करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्याशिवाय गळती चुंबकक्षेत्रामुळे तारेच्या आतच भोवरा करंट फिरतात. त्यांचा तोटा करंटच्या वर्गाबरोबर वारंवारतेच्याही वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे पाचव्या हार्मोनिकचा एक अँपिअर मूळ ५० हर्ट्झच्या एका अँपिअरच्या २५ पट भोवरा-तोटा करतो.

अमेरिकेतल्या कॉम्प्युटर निर्मात्यांच्या सीबेमा या संघटनेने सोपा उपाय सुचवला: १.४१४ ला करंटच्या क्रेस्ट फॅक्टरने, म्हणजे शिखर भागिले आरएमएसने, भागा. येईल तेवढीच क्षमता वापरा. टोकदार करंट ओढणाऱ्या कॉम्प्युटरांसाठी अंदाज म्हणून ठीक. पण मोठा चोक असलेल्या सहा-पल्सच्या यूपीएसचा करंट जवळजवळ चौकोनी असतो. त्याचा क्रेस्ट फॅक्टर सुमारे १.२२, म्हणून हा नियम सांगतो की डीरेटिंगची, म्हणजे क्षमता कमी धरण्याची, गरजच नाही! शिखराची उंची वारंवारता सांगत नाही, ही त्याची खरी खोट.

१९८६ साली आलेल्या C57.110 या अमेरिकी मानकाने भोवरा-तोट्याचाच हिशेब मांडला. त्यातली बेरीज पुढे के-फॅक्टर म्हणून रुळली:

K = Σ (I_h)² × h²

इथे h म्हणजे हार्मोनिकचा क्रमांक आणि I_h म्हणजे त्या हार्मोनिकचा करंट, पूर्ण आरएमएस करंटच्या प्रमाणात. चौकोनी करंटमध्ये पाचवा हार्मोनिक मूळच्या १/५, सातवा १/७, अकरावा १/११ असे येतात. गंमत अशी की h² ने गुणल्यावर प्रत्येकाचा वाटा मूळ करंटइतकाच, म्हणजे १ येतो. २५व्यापर्यंत आठ हार्मोनिक, मूळ धरून बेरीज ९. आरएमएसचा वर्ग १.०८४, भागल्यावर K सुमारे ८.३. क्रेस्ट फॅक्टरला निर्दोष वाटलेला हाच तो करंट.

आता डीरेटिंग:

I_max = √[(1 + P) / (1 + K × P)]

P म्हणजे साध्या तांबे-तोट्याच्या तुलनेत मूळ भोवरा-तोटा. आपल्या ट्रान्सफॉर्मरवर हाच करंट आणि त्याचा P ०.०८ धरला, तर उत्तर पूर्ण लोडच्या करंटच्या ०.८०६ पट येतं, म्हणजे सुमारे ५३७ अँपिअर. मीटरवर ५८० असताना अलार्म का वाजला ते इथे उघड होतं. P जर ०.१५ असेल, तर तीच मर्यादा ४७७ वर येते. K तोच, ट्रान्सफॉर्मर वेगळा.

के-फॅक्टर लोडचा गुण आहे, P ट्रान्सफॉर्मरचा; आणि P नेमप्लेटवर सहसा नसतो. विकत घेणाऱ्याच्या हातात अर्धाच हिशेब उरे. म्हणून १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या यूएल संस्थेने जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली: K-4, K-13, K-20 असा शिक्का हवा, तर तेवढ्या हार्मोनिक लोडवर पूर्ण केव्हीए सोसून दाखवा. बनवणारे मग जाड तारेऐवजी एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या बारीक तारा समांतर घालतात, कारण भोवरा-तोटा तारेच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. तिसऱ्या हार्मोनिकचे तिन्ही फेजचे करंट न्यूट्रलमध्ये एकत्र येतात, म्हणून न्यूट्रलही दुप्पट क्षमतेचा ठेवतात.

शिक्का पाहून पुष्कळांना वाटतं की K-13 ट्रान्सफॉर्मर हार्मोनिक्स कमी करतो. तो फक्त ते सोसतो. त्याच लाइनवरच्या कपॅसिटर बँकेला त्रास व्हायचा तो होतोच.

या हिशेबाची मर्यादा चौकोनी करंटच दाखवतो: बेरीज २५वर न थांबवता पुढे नेली, तर K वाढतच जातो, अंत नाही. खऱ्या तारेत वरच्या वारंवारतेला तोटा h² इतका वाढत नाही. युरोपातल्या मानकाने म्हणूनच घात २ ऐवजी गोल किंवा आयताकृती तारेसाठी १.७ आणि फॉइलसाठी १.५ घेतला. तिकडचा 'फॅक्टर के' मात्र वेगळाच आकडा आहे: तो थेट डीरेटिंगचा भाजक असतो, १ च्या थोडा वर. मुंबईत टेंडरात कोणी नुसतं "के" लिहिलं, की मी आधी विचारतो, कुठला?