एका स्क्रीनशॉटमधून १७१ धावा कुठून आल्या?

८ ऑक्टोबर २०२१. मुंबईकरांच्या व्हॉट्सॲपवर सकाळपासून एकच आकडा फिरत होता: १७१. अबू धाबीत हैदराबादला किमान १७१ धावांनी हरवलं, तरच मुंबई इंडियन्स आयपीएलच्या प्लेऑफमध्ये जाणार होती. सोबत गुणतक्त्याचा स्क्रीनशॉट होता, पण त्या तक्त्यात १७१ कुठेच लिहिलेला नव्हता. तरीही तो त्यातून काढता येतो, जवळपास.

एक दिवस मागे जाऊ. ७ तारखेच्या सकाळी आठही संघांचे प्रत्येकी १३ सामने झाले होते. दिल्ली २०, चेन्नई १८, बंगळुरू १६, कोलकाता आणि मुंबई १२-१२, पंजाब आणि राजस्थान १०-१०, हैदराबाद ६. चित्रातले आकडे टिपून घेतले की लगेच गणित मांडू नये, आधी बेरीज करावी. आठ संघांचे १३ सामने म्हणजे एकूण ५२ सामने, आणि प्रत्येक सामना दोन गुण वाटतो. म्हणजे बेरीज १०४ यायला हवी, आणि ती येते. ६ चा ८ वाचला असता तर इथेच कळलं असतं.

आता उरलेले सामने. चेन्नई-पंजाब, राजस्थान-कोलकाता, हैदराबाद-मुंबई आणि बंगळुरू-दिल्ली. प्लेऑफच्या चार जागांपैकी तीन जागांचे संघ ठरलेले होते, त्यामुळे बंगळुरू-दिल्ली सामन्याचा चौथ्या जागेशी संबंध नव्हता. असा सामना आधीच बाजूला काढला की काम निम्मं होतं: उरलेल्या तीन सामन्यांचे प्रत्येकी दोन निकाल, म्हणजे आठ शक्यता. (पावसाने सामना रद्द होऊ शकत असेल तर प्रत्येकी तीन निकाल धरून सत्तावीस.)

या आठांपैकी दोनांत कोलकाता जिंकतं आणि मुंबई हरते. तेव्हा १४ गुणांचं कोलकाता एकटंच पुढे. दोनांत कोलकाता हरतं, मुंबई जिंकते आणि मुंबई आत जाते. दोनांत दोघंही जिंकतात, गुण १४-१४. उरलेल्या दोनांत दोघंही हरतात. मग १२ गुणांवर राजस्थानही येतं, आणि पंजाब जिंकलं असेल तर तेही. म्हणजे अर्ध्या शक्यता नुसत्या गुणांवर सुटतात, अर्ध्या नेट रनरेटवर अडतात. ७ तारखेला कोलकात्याने राजस्थानला ८६ धावांनी हरवलं. आता मुंबईपुढे एकच वाट उरली: जिंकायचं, आणि रनरेटमध्ये कोलकात्याला मागे टाकायचं.

नेट रनरेट म्हणजे आपण दर षटकाला काढलेल्या धावा वजा आपण दिलेल्या धावा, तेही संपूर्ण स्पर्धेतल्या बेरजेवरून. तक्त्यात कोलकात्याचा +०.५८७ होता, मुंबईचा −०.०४८. मुंबईचे १३ सामने पूर्ण २० षटकांचे धरले तर २६० षटकं झाली. ०.०४८ गुणिले २६०, म्हणजे मुंबई साधारण साडेबारा धावांनी मागे. शेवटच्या सामन्यानंतर २८० षटकं होतील, आणि तेव्हा ०.५८७ गाठायला सुमारे १६४ धावांची आघाडी हवी. दोन्ही मिळवले की १७७.

मग १७१ का? सगळे सामने पूर्ण षटकं चालत नाहीत. पाठलाग लवकर संपला की षटकं कमी होतात आणि शेवटच्या सामन्याचं वजन वाढतं. सामन्यामागे सरासरी सव्वाएकोणीस षटकं धरून हेच गणित केलं की उत्तर बरोबर १७१ येतं. ही षटकं स्क्रीनशॉटमध्ये नसतात. काही तक्त्यांत एकूण धावा आणि षटकांचे स्तंभ असतात. असा तक्ता मिळाला तर तोच वापरावा. मात्र तिथे २४९.३ षटकं म्हणजे अडीचशेला अर्धं षटक कमी, कारण टिंबापुढचे ३ हे चेंडू आहेत. संगणक ते दशांश समजून वाचतो. शिवाय सर्वबाद झालेल्या संघाची षटकं पूर्ण २० धरायची असतात, तो १४ षटकांत गुंडाळला गेला असला तरी.

मला सर्वांत धोकादायक वाटते ती उणे खूण. पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या चित्रात ती बारीक रेघ पुसट होते. −०.०४८ चा ०.०४८ झाला तर १७७ ऐवजी १५२ येतात. थेट २५ धावांची चूक, आणि गुणांच्या बेरजेत ती सापडत नाही. सगळ्या संघांच्या रनरेटची बेरीज शून्याच्या आसपास येते खरी, पण इतका छोटा फरक त्यातही लपून जातो. मूळ चित्र मोठं करून पाहणं हाच उपाय.

मुंबईने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. ती घेणं भागच होतं, कारण पाठलागात धावांनी विजय नसतोच आणि रनरेट तेवढा वर नेणंही व्यवहारात अशक्य होतं. २३५ धावा झाल्या, हैदराबादने १९३ केल्या. विजय ४२ धावांचा. सव्वाएकोणीस षटकांच्या हिशेबाने मुंबईचा अखेरचा रनरेट +०.१११ यायला हवा होता. अंतिम तक्त्यात तो +०.११६ होता.