गाणं शेअर केलं की मागच्याचा आवाज का जातो?

दोन हेल्मेटना ब्लूटूथ इंटरकॉमचे दोन सेट बसवले, रायडर आणि मागे बसलेला पिलियन मस्त बोलतायत, मग रायडरने गाणं शेअर केलं आणि बोलणं बंद. लगेच लोक म्हणतात सेट खराब आहे. खराब नसतो हो, बऱ्याच सेटमध्ये हे असंच ठरवलेलं असतं, आणि त्यामागचं कारण मला ब्लूटूथमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आधी जोडणी नीट समजून घ्या. फोन फक्त रायडरच्या सेटला पेअर करायचा. दोन सेट एकमेकांना जोडायचे ते वेगळं इंटरकॉम पेअरिंग, ते सेटच्या बटणांनीच होतं आणि फोनच्या यादीत ते दिसतही नाही. म्हणजे रायडरचा सेट मधला दुवा: एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला पिलियनचा सेट. पिलियनला गाणं फोनकडून नाही, रायडरच्या सेटकडून मिळतं. नकाशाच्या सूचना अचानक फक्त पिलियनलाच ऐकू यायला लागल्या तर समजायचं की तोच फोन आधी कधीतरी मागच्या सेटलाही पेअर केला होता आणि आता मागच्या सेटनेच फोन पकडलाय. फोनमधून ती जुनी जोडणी काढून टाका.

आता गंमत बघा. ब्लूटूथचा रेडिओ एका सेकंदाचे 1600 तुकडे करतो, त्यांना स्लॉट म्हणतात. जुन्या पद्धतीच्या साध्या बोलण्याचा डेटा सेकंदाला 64,000 बिट असतो. सहा स्लॉटचा वेळ होतो 3.75 मिलिसेकंद, तेवढ्या वेळात बोलणं होतं 240 बिटचं, आणि हे 240 बिट बरोब्बर एका स्लॉटच्या पाकिटात बसतात! म्हणून दर सहा स्लॉटमधले दोन बोलण्यासाठी राखून ठेवलेले, एक जायला आणि एक यायला. उरले चार. गाणं सहसा मोठ्या पाकिटांतून येतं, सगळ्यात मोठं पाकीट पाच स्लॉटचं, वर पोचपावतीला एक, म्हणजे झाले सहा. चारच्या फटीत सहा कसे बसणार? तीन स्लॉटचं पाकीट अधिक एक पोचपावती, एवढंच कसंबसं मावतं.

त्यात शेअरिंगमध्ये तेच गाणं रायडरच्या सेटला दोनदा हाताळावं लागतं, फोनकडून घ्यायचं आणि मागे पाठवायचं. शिवाय फोनसोबतच्या जोडणीचं घड्याळ वेगळं आणि पिलियनसोबतच्या जोडणीचं वेगळं, दोघांचे स्लॉट एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे इकडून तिकडे उडी मारताना अर्धवट स्लॉट वाया जातात आणि ती चारची फट आणखी आक्रसते, मग तीनचं पाकीटही बसेलच असं नाही. बोलणं चालू ठेवून गाणं रेटलं तर गाणं तुटक तुटक येईल, म्हणून बनवणारे सरळ बोलणं थांबवतात. नंतरच्या ब्लूटूथमध्ये बोलण्याची पाकिटं मोठी केली, दर सहाऐवजी दर बारा स्लॉटला दोन पुरतात, फट दहाची होते. काही महागड्या सेटमध्ये तर दोन वेगळ्या ब्लूटूथ चिप असतात. असे सेट दोन्ही एकदम चालवू शकतात, तेव्हा घेताना एवढंच विचारा की शेअरिंग चालू असताना इंटरकॉम चालतो का. खोक्यावर एक किलोमीटर रेंज लिहिलंय म्हणून भुलू नका, मागचा माणूस हातभर अंतरावर बसलाय.

आणि कोणी हेल्मेटला चिकटवायची रेडिएशन रोखणारी चिप विकत असेल तर अजिबात घेऊ नका. हे सेट मिलिवॅटमध्ये चालतात, आणि त्या चिपने खरंच लहरी अडवल्या असत्या तर आधी तुमचा इंटरकॉमच बंद पडला असता.

राहिला नकाशा. गाणं चालू असताना फोन सूचना गाण्यातच मिसळून पाठवतो, म्हणून शेअरिंगमध्ये ती पिलियनलाही ऐकू येते. पण नुसता इंटरकॉम चालू असेल तेव्हा गाण्याचा रस्ता झोपलेला असतो, तो जागा होईपर्यंत सूचनेची सुरुवात निघून जाते आणि कानावर फक्त "...मीटरवर डावीकडे" पडतं. किती मीटर तेच गेलं! यावर उपाय म्हणजे ॲपमध्ये सूचना फोन कॉलसारखी वाजवायची सोय असेल तर ती चालू करून बघायची, कारण बहुतेक सेट कॉलला सगळ्यात वरचा मान देतात. त्यात इंटरकॉम तेवढ्यापुरता थांबतो आणि आवाज टेलिफोनसारखा चपटा येतो, पण आकडा बहुधा वाचतो. सूचनाच नाही तर गाणीही कायम तशीच चपटी येत असतील तर मात्र फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या सेटच्या नावावर जाऊन बघा, कॉल चालू आणि मीडिया बंद असं झालेलं असतं बऱ्याचदा.