भाजकात लॉग आला की इंटिग्रल कन्व्हर्ज होतोच का?

"1/x चा 2 ते अनंत इंटिग्रल डायव्हर्ज होतो, पण x = e च्या पुढे 1/(x ln x) त्याहून लहान आहे, म्हणजे तो कन्व्हर्ज होणारच ना?"

नाही होत. डायव्हर्ज होणाऱ्यापेक्षा लहान आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, आणि पॉवर टेस्टही थेट लागत नाही, कारण पुढे जाऊन हे फंक्शन 1/x^1.01 पेक्षा मोठंच राहतं, म्हणजे दोन्हीकडून कंपॅरिझन फुकट. मग u = ln x घ्या, du = dx/x, उरतो 1/u चा इंटिग्रल, उत्तर ln(ln x), आणि ते अनंताकडे जातं. फक्त इतकं हळू, की x = 10^100 पर्यंतही बेरीज जेमतेम 5.8 भरते, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर बघून कुणीही फसेल. लॉगचा वर्ग केला तर मात्र 1/u² उरतो, तो कन्व्हर्ज होतो, किंमत 1/ln 2, साधारण 1.44.