मस्करीचा मेसेज वाचणाऱ्याला मस्करी का वाटत नाही

शाळेच्या परिपाठात सहावी ते दहावीच्या मुलांसमोर बोलायचं होतं, विषय होता ऑनलाइन बोलणं आणि त्याने होणारा त्रास. "नीट वागा" एवढंच सांगून काही होत नाही हे सगळ्याच शिक्षकांना माहितीये, म्हणून मी त्यांना दोन-तीन प्रयोग सांगितले. तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात एका वाक्याने केली. समजा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहलीचं बोलणं चाललंय, एक मुलगी लिहिते "माझंही नाव टाका", आणि त्यावर एक मुलगा लिहितो, "अरे वा, तू पण येणारेस?" बस, एवढंच. ना शिवी, ना टोपणनाव. त्याखाली सात-आठ जण हसण्याचे इमोजी टाकतात आणि पुढे बसच्या सीटवरून बोलणं सुरू होतं, तिच्याशी कोणीच काही बोलत नाही. हेच वाक्य मी मुलांसमोर दोनदा म्हणून दाखवलं, एकदा खूश होऊन आणि एकदा भुवया वर करून, थंडपणे. दुसऱ्या वेळी हॉल एकदम गप्प झाला. अक्षरं तीच होती, बदलला तो आवाज, आणि स्क्रीनवर नेमका तोच जात नाही.

हे मोजलं गेलंय. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉलेजच्या मुलांच्या जोड्या केल्या. एकाने काही वाक्यं पाठवायची, त्यातली अर्धी मनापासूनची, अर्धी टोमणा म्हणून, आणि दुसऱ्याने ओळखायचं कुठलं काय आहे. काही वाक्यं ईमेलने गेली, काही आवाजात. पाठवणाऱ्यांना आधी विचारलं, किती ओळखली जातील? ते म्हणाले 100 पैकी साधारण 78, ईमेल असो की आवाज. आवाजात खरंच 73 च्या आसपास ओळखली गेली. ईमेलमध्ये फक्त 56. आता नाणं उडवून उत्तरं दिली तरी 50 बरोबर येतात, म्हणजे वाचणारा जवळपास अंदाजच मारत होता. आणि गंमत अशी की वाचणाऱ्यांनाही वाटत होतं आपलं जवळजवळ सगळंच बरोबर आहे, म्हणजे चुकतोय हे दोन्हीकडे कोणालाच कळत नव्हतं.

असं का होतं तर लिहिताना आपण ते वाक्य आपल्याच मनात, आपल्याच सुरात ऐकत असतो. तो सूर इतका स्पष्ट असतो की तो मेसेजमध्ये गेलेलाच नाही हे लक्षात येत नाही. "पण ती माझी मैत्रीण आहे, तिला कळतं मी मस्करी करतेय", हे मुलं हमखास म्हणतात. तेही तपासलं गेलं, आणि ईमेलवरचा सूर ओळखण्यात मित्र अनोळखी माणसांपेक्षा काही सरस ठरले नाहीत. याच प्रयोगांमध्ये एक उपायही दडलाय, तो मला फार आवडतो. पाठवायच्या आधी ज्यांना तेच वाक्य उलट्या सुरात मोठ्याने म्हणायला लावलं, त्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला. म्हणून मुलांना सांगितलं, ग्रुपवर कोणाचं नाव घेऊन काही टाकणार असाल तर आधी ते तुमचा नावडता माणूस तुम्हाला म्हणतोय अशा सुरात एकदा म्हणून बघा. टोचलं तर समोरच्यालाही तसंच ऐकू जाऊ शकतं.

हे झालं पाठवणाऱ्याचं. पण एवढ्याशा वाक्याने इतकं लागतं कशाला? इथे त्या वाक्यापेक्षा त्यानंतर पसरलेली शांतता जास्त महत्त्वाची असते असं माझं मत आहे. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते, दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती, ती चकती यांच्याजवळ आली, यांनी परत फेकली, थोडा वेळ त्यांनी यांनाही खेळात घेतलं आणि मग काही न बोलता फेकणं बंद केलं. आपल्याला एवढं वाईट का वाटलं याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. त्यातून पुढे सायबरबॉल हा प्रयोग झाला: स्क्रीनवर तीन खेळाडू, बॉल एकमेकांकडे टाकायचा, सुरुवातीला तुम्हालाही मिळतो, नंतर बाकीचे दोघं आपापसातच खेळत राहतात. काही मिनिटांचा खेळ, बक्षीस नाही, ओळख नाही, तरी लोकांचा मूड उतरतो, आपण कोणाचे नाही, आपली काही किंमत नाही असं वाटायला लागतं. 2004 च्या एका प्रयोगात तर लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर खेळतोय, तरीही वाईट वाटलंच! मग ज्या चाळीस जणांसोबत रोज डबा खायचा त्यांनी बॉल टाकणं बंद केल्यावर काय होत असेल.

लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर यांच्या गटाने हाच खेळ किशोरवयीन मुली आणि मोठ्या बायकांना खेळायला दिला (2010), तेव्हा मुलींचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त घसरला. त्या प्रयोगात मुलगे नव्हते, म्हणून त्यांच्याबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही, पण "आमच्या वेळी असं कोणी मनावर घ्यायचं नाही" म्हणणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली नाही, ती म्हणजे "टोमणा आणि चटका मेंदूला सारखाच लागतो". हे वाक्य सगळीकडे फिरतं. 2003 मध्ये सायबरबॉल खेळणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये, शारीरिक वेदनेत जो भाग सक्रिय होतो त्यातला एक भाग सक्रिय दिसला, तिथून ते आलं. पण तो भाग इतरही बऱ्याच कामांत सक्रिय होतो, आणि 2014 च्या एका अभ्यासात जवळून पाहिल्यावर नाकारलं जाण्याचा आणि चटक्याचा नमुना वेगवेगळा निघाला. दुःख खरं आहे हे दाखवायला ते चटक्यासारखं असण्याची गरज नाही. उलट एका बाबतीत ते चटक्यापेक्षा वाईट आहे, जुना चटका आठवला तर तो पुन्हा फारसा दुखत नाही, जुना अपमान आठवला की पुन्हा बराच लागतो, 2008 च्या प्रयोगांत हेच दिसलं. आणि चॅट तर आठवायचीही गरज नाही, रात्री पांघरुणात वर स्क्रोल केलं की ते वाक्य आणि ते सगळे इमोजी जसेच्या तसे असतात.

सातवीतल्या एकाने विचारलं, "मॅडम, डिलीट केलं तर?" मी म्हटलं लगेच केलंस तर ठीक, पण तोपर्यंत तिने वाचलेलं असतं, आणि डिलीट केल्याची खूण मागे राहते, मग काय होतं याची चर्चा वेगळीच. त्यापेक्षा आवाजात बोल, व्हॉइस मेसेज कर नाहीतर मधल्या सुट्टीत गाठ, कारण टाइप केलेली माफीसुद्धा ती कुठल्या सुरात वाचेल हे तुझ्या हातात नाही. आणि ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं त्यांनी ग्रुपमध्येच तिला पुढचा प्रश्न विचारावा, "बसमध्ये कोणाशेजारी बसणारेस?" असला साधाच, म्हणजे बॉल परत तिच्याकडे जातो.

शेवटचं मोठ्यांसाठी. 2011 मध्ये लोरन नॉर्डग्रेन आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांवर प्रयोग केला, त्यात ज्यांना नुकतंच सायबरबॉलमध्ये बाहेर ठेवलं होतं त्यांना छळ झालेल्या मुलाचं दुःख इतर शिक्षकांपेक्षा मोठं वाटलं. म्हणजे आपण स्वतः निवांत असताना समोरच्याचं दुःख कमीच मोजतो, शिक्षकसुद्धा. म्हणून मूल फोन घेऊन आलं आणि ते वाक्य वाचून तुम्हाला "यात काय एवढं" वाटलं, तर तो आपला अंदाज सोडून द्या आणि विचारा, हे कोणी लिहिलं, त्याखाली कोण हसलं, आणि त्यानंतर तुझ्याशी किती दिवस कोणी बोललं नाही.