सत्र-किल्ली पाठवणे आणि सत्र-किल्ली ठरवणे

असममित म्हणजे सार्वजनिक-खासगी जोडीच्या किल्ल्या आणि सममित म्हणजे दोन्ही बाजूंची एकच किल्ली, या दोन्हींचा मेळ घालणाऱ्या संकरित एन्क्रिप्शनचे वर्णन करताना एका विद्यार्थ्याने लिहिले होते: "असममित किल्ल्या फक्त सममित सत्र-किल्ली ठरवण्यासाठी वापरतात, प्रत्यक्ष मजकूर त्या सत्र-किल्लीनेच एन्क्रिप्ट होतो." वाक्याचा उत्तरार्ध निर्विवाद बरोबर आहे, पण पुढे उदाहरण देताना त्याने लिहिले की ब्राउझर यादृच्छिक किल्ली तयार करतो आणि ती सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट करून पाठवतो. ही किल्ली 'ठरवणे' नव्हे, 'पाठवणे' आहे.

पाठवण्याच्या पद्धतीत सत्र-किल्ली एकाच बाजूने निवडलेली असते. RSA या असममित पद्धतीची 2048 बिटांची किल्ली, आणि एन्क्रिप्शनपूर्वी मजकुरात भर घालणारी OAEP पद्धत SHA-256 या हॅशसह घेतल्यास एका वेळी जास्तीत जास्त 190 बाइट मावतात. AES-256 या सममित पद्धतीची 32 बाइटची किल्ली त्यात सहज बसते, लांब मजकूर बसत नाही. ईमेलसाठी हीच पद्धत सोयीची, कारण पत्र पाठवताना घेणारा हजर असावा लागत नाही.

ठरवण्याच्या, म्हणजे डिफी-हेलमन पद्धतीत सत्र-किल्ली तारेवरून जातच नाही. अगदी लहान आकडे घेऊ (खऱ्या वापरात ते प्रचंड असतात): p = 23 आणि g = 5 सर्वांना ठाऊक आहेत, एकाचे गुपित 7, दुसऱ्याचे 3; mod 23 म्हणजे 23 ने भागल्यावर उरलेली बाकी.

```
5^7 mod 23 = 17     5^3 mod 23 = 10
10^7 mod 23 = 14    17^3 mod 23 = 14
```

पहिल्याने 17 पाठवले, दुसऱ्याने 10. दोघांच्या हाती 14 आले, जे कोणीच एकट्याने निवडलेले नव्हते. या सामाईक संख्येपासून पुढे सत्र-किल्ली काढतात.

हा फरक गुणांपुरता नाही. पाठवण्याच्या पद्धतीत कोणी आजची सगळी वाहतूक साठवून ठेवली आणि काही वर्षांनी सर्व्हरची खासगी किल्ली फुटली, तर जुनी प्रत्येक सत्र-किल्ली उघडता येते. ठरवण्याच्या पद्धतीत 7 आणि 3 ही गुपिते प्रत्येक जोडणीसाठी नवी घेऊन नंतर पुसली असतील, तर फुटलेल्या किल्लीने जुने काहीच उघडत नाही. म्हणूनच ब्राउझर आणि सर्व्हरमधली जोडणी सुरक्षित करणाऱ्या TLS या नियमसंचाच्या 2018 मध्ये आलेल्या 1.3 आवृत्तीने RSA ने सत्र-किल्ली पाठवण्याची सोय काढून टाकली.

राहिला 'फक्त' हा शब्द, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच आहे. नुसत्या 17 आणि 10 वरून ते कोणाकडून आले हे कळत नाही; मधला हल्लेखोर दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवून मधोमध बसू शकतो. त्यामुळे TLS 1.3 मध्ये सर्व्हर आपल्या प्रमाणपत्राशी जोडलेल्या खासगी किल्लीने आतापर्यंतच्या देवाणघेवाणीवर स्वाक्षरी करतो. ही असममित किल्ली सत्र-किल्ली ठरवण्याच्या गणितात येत नाही. ती समोरचा कोण आहे एवढेच सिद्ध करते. विद्यार्थ्याने 'फक्त' खोडून 'सत्र-किल्ली पोहोचवण्यासाठी किंवा ठरवण्यासाठी, आणि ओळख पटवण्यासाठी' असे लिहिले असते, तर मी पूर्ण गुण दिले असते.