लर्निंग रेट स्थिर, तरी पावलं लहान

«लर्निंग रेट हळूहळू कमी केला नाही, तर ग्रेडियंट डिसेंट तळ ओलांडून पुढेच जातं ना?»

नाही. ग्रेडियंट डिसेंट म्हणजे लॉस, म्हणजे मॉडेलची चूक, कमी करण्यासाठी w हा आकडा उताराच्या उलट दिशेने पावलापावलाने सरकवणं. पाऊल म्हणजे लर्निंग रेट गुणिले उतार, आणि तळाजवळ उतार स्वतःच कमी होतो. `L(w) = (w − 3)²` घ्या. उतार `2(w − 3)`, तळ 3 वर. 0 पासून निघू, रेट 0.1 ठेवू. उतार −6, म्हणून w होतो 0.6. तिथे उतार −4.8, w 1.08. पुढे 1.464. पावलं 0.6, 0.48, 0.384: रेटला हातही न लावता आखडली. प्रत्येक वेळी तळापासूनचं अंतर 0.8 पट होतं.

ओलांडणं होतं ते रेट मुळातच मोठा असला तर. इथे 1 ठेवलात तर w 0 आणि 6 यांच्यातच येरझाऱ्या घालतो. 1.1 वर 6.6, मग −1.32, म्हणजे दर फेरीला आणखी लांब. लॉस चढताना दिसला की आधी रेटकडेच बघा.

समजुतीत थोडं तथ्य आहे, पण ते मिनी-बॅचपुरतं, म्हणजे प्रत्येक पावलाला डेटाचा छोटासा भागच वापरतात तेव्हापुरतं. तिथे उताराचा अंदाज डळमळता असतो, तळाशीही सहसा शून्य येत नाही, म्हणून रेट उतरवावा लागतो.