रोल कळला, पण ऑर्डर कुणाची? एकाच अ‍ॅपमधल्या तीन भूमिकांची पार्श्वभूमी

डिलिव्हरीसाठी तीन वेगळी अ‍ॅप सांभाळण्यापेक्षा एकच अ‍ॅप करायचं, असं बऱ्याच टीम ठरवतात. लॉगिन झालं की `users` टेबलातला `role` कॉलम बघायचा. तिथे `customer` असेल तर ग्राहकाची स्क्रीन, `rider` असेल तर डिलिव्हरी पार्टनरची, `admin` असेल तर सगळा कारभार. मागे बॅकएंड एकच. ही मांडणी इतकी सरळ दिसते की तिच्यावर वेगळा विचार करावा असं कुणाला वाटतच नाही. पण ज्यांनी रोलची कल्पना मांडली, त्यांच्या डोळ्यांसमोर ग्राहक नव्हता आणि डिलिव्हरी पार्टनर तर नव्हताच. त्यांच्यासमोर होते नोकरीवरचे कर्मचारी. अशा अ‍ॅपमध्ये परवानग्यांचे जे घोळ पुन्हा पुन्हा होतात, त्यांतले बरेचसे या फरकातून येतात.

कुणाला काय करता येईल हे मांडायची सगळ्यांत मूळ पद्धत म्हणजे तक्ता. १९७१ मध्ये बटलर लॅम्पसन यांनी तो मांडला. आडव्या ओळींत कृती करणारे, उभ्या रकान्यांत फाइलींसारख्या वस्तू आणि प्रत्येक चौकटीत परवानगी. कागदावर यात काहीच राहून जात नाही. अडचण आकाराची आहे. एक लाख ग्राहक आणि दहा लाख ऑर्डर घेतल्या तर दहा हजार कोटी चौकटी होतात आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या राहतात. तो तक्ता कुणी जसाच्या तसा साठवत नाही, त्याची काहीतरी संक्षिप्त आवृत्ती वापरावी लागते. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या संक्षेपाच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. चार वर्षांनी, १९७५ मध्ये, सॉल्टझर आणि श्रोडर यांनी सुरक्षेची जी तत्त्वं लिहिली त्यांतलं एक इथे लक्षात ठेवायला हवं: प्रत्येक वस्तूला होणारा प्रत्येक स्पर्श तपासला गेला पाहिजे. दारात एकदा ओळखपत्र बघून आत सोडून दिलं की काम झालं, असं नाही.

रोल आला तो १९९२ मध्ये. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुह्न यांनी एक निबंध वाचला. तेव्हा दोन पद्धती रूढ होत्या. एकीत फाइलीचा मालक आपल्या मर्जीने इतरांना परवानगी देई, दुसरीत लष्करी थाटात गोपनीयतेच्या पातळ्या असत. त्यांचं म्हणणं असं की बँकेला किंवा इस्पितळाला यांतलं काहीच धड बसत नाही. खात्याची माहिती कॅशियरच्या मालकीची नसतेच, मग ती कुणाला दाखवायची हे तो कसा ठरवणार? परवानगी माणसाला न देता पदाला द्यावी आणि माणसाला पदावर बसवावं. कॅशियर बदलला की फक्त नेमणूक बदलायची, परवानग्यांना हात लावायचा नाही.

तक्त्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी ओळी कमी केल्या. हजार कर्मचाऱ्यांच्या जागी वीस पदं आली. बँकेत हे जमतं, कारण दोन कॅशियर जवळजवळ सारखंच काम करतात. ग्राहकांचं तसं नाही. दोन ग्राहकांचा रोल एकच असला तरी त्यांना दिसणाऱ्या ऑर्डरमध्ये एकही समान नसते. ओळी एकत्र केल्या की नेमकी जी माहिती हवी तीच पुसली जाते.

१९९६ मध्ये रवी संधू आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेला नेमकं रूप दिलं. त्यात माणूस, रोल आणि परवानगी यांच्याशिवाय चौथी गोष्ट होती, सत्र. एका माणसाला अनेक रोल असू शकतात, पण एका सत्रात त्यांतले काहीच जागे असतात. `users` टेबलात एकच `role` कॉलम ठेवणाऱ्यांनी नेमका हाच भाग वगळलेला असतो. मग एक दिवस डिलिव्हरी पार्टनरला स्वतःसाठी काहीतरी मागवायचं असतं आणि अ‍ॅप त्याला ग्राहकाची स्क्रीनच दाखवत नाही. तो दुसऱ्या नंबरवरून नवं खातं काढतो. आता एकाच माणसाच्या दोन ओळी झाल्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे बॅकएंडला ठाऊकच नाही.

हे नुसतं गैरसोयीचं नाही. स्वतःच मागवलेली ऑर्डर स्वतःच पोहोचवली असं दाखवून दर फेरीमागचा मोबदला किंवा नव्या ग्राहकाची सवलत उकळता येते. दोन खाती असतील तर हे पकडणं अवघड आहे. खातं एकच ठेवलं, रोल `user_roles` या वेगळ्या टेबलात नेले आणि सत्रात कोणता रोल चालू आहे हे नोंदवलं, तर ऑर्डर नेमून देताना `rider_id <> customer_id` एवढी एक अट पुरते. हितसंबंधांच्या टकरीवर रोलच्या पद्धतीसाठी २००४ मध्ये आलेल्या अमेरिकी मानकातही उपाय आहे, पण तिथली बंदी दोन रोलच्या जोडीवर लागते. इथे एका माणसाने दोन्ही रोल घ्यायला काहीच हरकत नाही, हरकत आहे ती एकाच ऑर्डरवर दोन्ही रोल घ्यायला. म्हणून नियम ऑर्डरच्या ओळीवरच लिहावा लागतो.

याच `role` कॉलमवर आणखी एक संकट वेबच्या काळात आलं. फॉर्ममधून आलेली सगळी फील्ड थेट रेकॉर्डमध्ये भरायची सोय फ्रेमवर्कनी दिली. २०१२ मध्ये एका वापरकर्त्याने गिटहबच्या पब्लिक की बदलण्याच्या फॉर्ममधली अशी त्रुटी वापरून आपली की रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या प्रकल्पाच्या खात्याला जोडून दाखवली. आपल्या अ‍ॅपमध्ये याचं रूप साधं असतं: प्रोफाइल बदलण्याच्या विनंतीत नावासोबत `"role": "admin"` पाठवायचं आणि काय होतं ते बघायचं. तीन अ‍ॅप आणि तीन बॅकएंड असते तर ग्राहकाच्या सर्व्हरला अ‍ॅडमिन म्हणजे काय हे माहीतच नसतं. एकत्र आणलं की मधली भिंत फक्त कोडमध्ये उरते. अ‍ॅडमिनचं बटण ग्राहकाला न दाखवणं ही भिंत नव्हे. अ‍ॅपची फाइल उघडून त्यातले एपीआयचे पत्ते वाचता येतात आणि एकाच अ‍ॅपमध्ये अ‍ॅडमिनचे पत्तेही प्रत्येक ग्राहकाच्या फोनवर पोहोचलेले असतात.

आता एक विनंती जवळून बघू. डिलिव्हरी पार्टनरचं अ‍ॅप ऑर्डरचा पत्ता मागतं:

```
GET /orders/4821
Authorization: Bearer <token>
```

लॉगिनच्या वेळी दिलेलं टोकन बॅकएंड तपासतो. सही बरोबर आहे, आतला रोल `rider` आहे आणि `rider` ला ऑर्डर वाचायची परवानगी आहे. उत्तर जातं. आता हाच पार्टनर 4821 च्या जागी 4822 टाकतो. टोकन तेच, रोल तोच, परवानगी तीच. उत्तर पुन्हा जातं आणि त्याच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाचा पत्ता आणि फोन नंबर त्याच्या हातात येतो. रोलची तपासणी कुठेही चुकलेली नाही. तिला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. ओडब्ल्यूएएसपी या संस्थेने २०१९ मध्ये एपीआयच्या धोक्यांची पहिली यादी काढली, तेव्हा हीच चूक पहिल्या क्रमांकावर होती. पुरेसा प्रश्न असा दिसतो:

```sql
SELECT id, status, drop_address
FROM orders
WHERE id = 4821
  AND rider_id = :me
  AND status IN ('ASSIGNED', 'PICKED_UP');
```

दुसरी अट नातं सांगते, तिसरी वेळ. ऑर्डर पोहोचली की `status` बदलतो आणि पत्ता त्याच पार्टनरलाही बंद होतो. रोल मात्र तोच राहतो. ओळ सापडली नाही तर 'परवानगी नाही' म्हणणाऱ्या 403 पेक्षा 'सापडलं नाही' म्हणणारं 404 पाठवलेलं बरं, नाहीतर त्या नंबरची ऑर्डर अस्तित्वात आहे एवढी तरी बातमी बाहेर जाते. क्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक आयडी वापरले की अंदाज बांधणं अवघड होतं, पण शेअर केलेल्या लिंकमधून किंवा स्क्रीनशॉटमधून आयडी फुटला की त्यांचा काही उपयोग नाही. आणि एकदा फोनवर गेलेला पत्ता परत आणता येत नाही, ही मर्यादा कुठल्याच अटीने सुटत नाही. आपल्या अ‍ॅपमध्ये हे भोक आहे का, हे बघायला फार काही लागत नाही: दोन चाचणी खाती काढायची, एकाच्या टोकनने दुसऱ्याची ऑर्डर मागायची आणि हे प्रत्येक एपीआयसाठी करायचं, पावती डाउनलोड करणाऱ्यासाठीसुद्धा. विसर पडतो तो बहुतेक तिथेच.

वरच्या विनंतीत रोल टोकनमधून आला, यालाही इतिहास आहे. जेडब्ल्यूटी या टोकनच्या प्रकाराचं मानक २०१५ मध्ये आलं आणि सही केलेल्या टोकनमध्येच रोल लिहून ठेवायची रीत पडली. दर विनंतीला डेटाबेसकडे जावं लागत नाही, हा त्याचा फायदा. पण टोकन चोवीस तास चालणारं असेल आणि तक्रारीवरून सकाळी दहाला एखाद्या पार्टनरला बंद केलं, तर त्याच्या खिशातलं टोकन दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला पार्टनर म्हणतच राहतं. टोकनची मुदत काही मिनिटांवर आणता येते किंवा नवी ऑर्डर घेण्यासारख्या कामांना खात्याची स्थिती डेटाबेसमधून पुन्हा बघता येते. मी तर म्हणेन दोन्ही करावं. वरची क्वेरी तशीही डेटाबेसकडे जातेच, तिच्यात एक अट वाढवल्याने फारसं बिघडत नाही.

राहिले अ‍ॅडमिन. १९९२ चा निबंध तिघांपैकी ज्यांना खऱ्या अर्थाने लागू पडतो ते हेच, आणि नेमका तिथेच तो वापरला जात नाही. `admin` या एका शब्दात तक्रारी ऐकणारा, परतावा देणारा, पार्टनरची कागदपत्रं तपासणारा आणि इतरांना अ‍ॅडमिन करणारा असे सगळे कोंबलेले असतात. बँकेच्या उदाहरणात ही चार पदं झाली असती. परतावा मागणारा आणि मंजूर करणारा माणूस वेगळा हवा, हे तर हिशेबनीसांना संगणक येण्याआधीपासून माहीत आहे.

त्यातही सगळ्यांत निसरडी सोय म्हणजे 'ग्राहक म्हणून लॉगिन करा' हे बटण. ग्राहकाला काय दिसतंय ते बघायला ते खरंच उपयोगी पडतं. पण आत गेल्यावर केलेली प्रत्येक कृती ग्राहकाच्या नावावर पडते आणि महिन्याभराने 'मी ही ऑर्डर रद्द केलीच नव्हती' अशी तक्रार आली की नोंदीत फक्त ग्राहकाचाच आयडी सापडतो. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या RFC 8693 या इंटरनेट मानकात यासाठी टोकनमध्ये `act` नावाचं फील्ड आहे. `sub` मध्ये ज्याच्या वतीने काम चाललंय तो ग्राहक आणि `act` मध्ये प्रत्यक्ष काम करणारा कर्मचारी. दोन्ही आयडी लॉगमध्ये उतरवायचे आणि अशा सत्रातून पैसे देणं, पासवर्ड बदलणं, पत्ता बदलणं ही कामं सर्व्हरवरच बंद ठेवायची.